दाजींचे पन्नास हजार

जानेवारीत कोल्हापूरच्या शिवारात गुऱ्हाळे पेटलेली असतात आणि शिरोलीच्या एमआयडीसीतल्या कचेऱ्यांत गुंतवणुकीचे पुरावे मागवले जातात. पिळण्याचे काम दोन्हीकडे सारखेच चालते. फरक एवढाच की गुऱ्हाळात शेवटी गूळ तरी दिसतो. २०२६ च्या जानेवारीत मात्र मी निर्धास्त होतो. आमच्या कारखान्याच्या अकाउंट्स विभागात मी प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये घालून एकच कागद घेऊन गेलो होतो, आणि त्या कागदाच्या जोरावर दरमहा पगारातून करापोटी कापले जाणारे ६,१७५ रुपये परत घेऊन येण्याचा माझा बेत होता.

त्या कागदामागे आमचे दाजी होते. दाजी जिल्हा परिषदेतून जुन्या पेन्शनवर निवृत्त झालेले असून राष्ट्रीय पेन्शन योजनेत, म्हणजे एनपीएसमध्ये, त्यांनी आयुष्यात एक रुपया भरलेला नाही. त्यामुळे त्या योजनेविषयी ते अधिकारवाणीने बोलतात. गेल्या एप्रिलमध्ये पांढऱ्या रश्श्याची तिसरी वाटी संपवताना ते म्हणाले, “पाव्हणं, एनपीएसमध्ये पन्नास हजार टाका. दीड लाखाच्या वरची वेगळी सूट हाय ती, कुणाला ठावं नसतं.” मी दुसऱ्याच दिवशी ऑनलाइन खाते उघडून बोनसमधले ५०,००० रुपये भरले आणि पावती छापून घेतली. हाच तो कागद.

अकाउंट्सच्या मॅडमनी पावती पाहिली आणि अत्यंत सौम्यपणे विचारले, “सर, तुम्ही नव्या कर प्रणालीत आहात ना?”

मी अभिमानाने होय म्हणालो. बारा लाखांपर्यंत कर नाही अशी बातमी आली तेव्हापासून मी नव्या प्रणालीत असल्याचे गल्लीलाही ठाऊक होते.

“मग ही पावती घरी जपून ठेवा. पैसे तुमचेच आहेत, वाढतीलही. पण सूट मिळणार नाही.”

दाजी चुकीचे बोलले नव्हते, आणि हीच या प्रकरणातली खरी खोच होती. कर्मचाऱ्याने स्वतः भरलेल्या रकमेवर दोन सवलती आहेत. एक कलम ८०सीसीडी(१) खालची, जी पगाराच्या दहा टक्क्यांपर्यंत असते आणि विमा, भविष्यनिर्वाह निधी वगैरेंच्या दीड लाखांच्या सामाईक पातेल्यातच मोजली जाते. आणि दुसरी ८०सीसीडी(१बी) खालची, त्या पातेल्याबाहेरच्या पन्नास हजारांची. दाजींनी सांगितली ती दुसरी. परंतु या दोन्ही फक्त जुन्या प्रणालीत चालतात. नव्या प्रणालीत कर्मचाऱ्याने स्वतःच्या हाताने भरलेल्या रकमेला सवलतीच्या दृष्टीने काडीची किंमत नाही.

“मग मला जुन्या प्रणालीत टाका,” मी बाणेदारपणे म्हणालो.

मॅडमनी वाद न घालता गणकयंत्र पुढे ओढले. माझा वार्षिक पगार साडेतेरा लाख. जुन्या प्रणालीत पन्नास हजारांची प्रमाणित वजावट, दीड लाखांचे पातेले काठोकाठ आणि वर दाजींचे पन्नास हजार, असे सगळे वजा केले तरी अकरा लाखांचे करपात्र उत्पन्न उरत होते आणि उपकरासह कर होत होता १,४८,२०० रुपये. घर स्वतःचे असल्यामुळे घरभाड्याचाही आधार नव्हता. नव्या प्रणालीत ७५,००० ची प्रमाणित वजावट जाऊन उरत होते पावणेतेरा लाख आणि कर होत होता ७४,१०० रुपये. म्हणजे पन्नास हजारांची सूट मिळवण्यासाठी मी बरोबर दुप्पट कर भरायला निघालो होतो. आमचा बाणेदारपणा शाहूपुरीपर्यंतही टिकला नाही.

मी फोल्डर बंद करीत होतो, तेवढ्यात मॅडम म्हणाल्या, “पेन्शन खात्यात पूर्ण मर्यादेपर्यंतचे पैसे कंपनीने भरले असते तर तुमचा कर शून्य झाला असता.”

माणसाला खुर्चीवर परत बसवणारी वाक्ये फार थोडी असतात. मी बसलो.

कंपनी, म्हणजे नियोक्ता, कर्मचाऱ्याच्या पेन्शन खात्यात जे भरतो त्यासाठी वेगळे कलम आहे, ८०सीसीडी(२), आणि ते नव्या प्रणालीतही शाबूत ठेवलेले आहे. त्याची मर्यादा पगाराच्या चौदा टक्के. खासगी नोकरदाराला जुन्या प्रणालीत दहाच टक्के मिळतात, नव्यात २०२४-२५ पासून चौदा. मी लगेच साडेतेरा लाखांचे चौदा टक्के तोंडी काढून १,८९,००० सांगितले. मॅडमनी मान हलवली. इथे पगार म्हणजे मूळ पगार आणि सेवाशर्तींनुसार गणला जाणारा महागाई भत्ता; बाकीचे भत्ते त्यात येत नाहीत. माझा मूळ पगार महिना साठ हजार, महागाई भत्ता नाही, म्हणून वर्षाचे ७,२०,००० आणि त्याचे चौदा टक्के १,००,८००. कंपनीने याहून अधिक भरले तर वरची रक्कम सरळ करपात्र.

“आणि कंपनी हे पैसे मला वरून देणार?” मी आशेने विचारले.

“नाही हो. तुमच्या स्पेशल अलाउन्समधून काढून तिकडे भरणार.”

म्हणजे पैसे माझेच. मी भरले तर वजावट शून्य, कंपनीच्या हाताने भरले तर पुरती. पुढचा प्रकार याहून गमतीचा आहे. कंपनीने भरलेली रक्कम आधी माझ्या पगारातच मिळवली जाते, त्यामुळे फॉर्म १६ वर पगाराचा आकडा साडेतेरा लाखच दिसतो, आणि मग ती खाली वजावटीत काढली जाते. वरचा आकडा पाहून घाबरायचे नाही, असे मॅडमनी मला दोनदा बजावले. पहिल्यांदा मी घाबरलो होतो. पावणेतेरा लाखांतून १,००,८०० गेले की उरतात ११,७४,२००. हा आकडा बारा लाखांच्या आत आला की पूर्ण करसवलत मिळते आणि ७४,१०० रुपयांच्या जागी भोपळा येतो.

हे त्या वर्षाला लागू होणार नव्हते, कारण आमच्याकडे पगाराची फोड फक्त एप्रिलमध्ये बदलता येते आणि मी तो एप्रिल पांढऱ्या रश्श्यात घालवला होता. मॅडमनी पुढच्या एप्रिलसाठी फॉर्म दिला आणि जुनाच खाते क्रमांक कंपनीशी जोडून घ्यायला सांगितले, दुसरे खाते उघडायचे नाही. कापलेले पैसे खरोखर कंपनीच्या नावे जमा होतात की नाही, हे खात्याच्या उताऱ्यात कळते; त्यात कर्मचाऱ्याचे आणि नियोक्त्याचे योगदान वेगवेगळ्या रकान्यांत असते. माझ्या उताऱ्यात दाजींचे पन्नास हजार पहिल्या रकान्यात एकटेच बसलेले दिसले. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू होणार असल्याने कलमांचे आकडेही बदलणार होते, म्हणजे महत्प्रयासाने पाठ केलेले ‘८०सीसीडी(२)’ सौभाग्यवतींसमोर म्हणून दाखवायला मला जेमतेम दोन महिने होते. ते मी त्याच रात्री वापरले.

“म्हणजे हातात किती कमी येणार?” तिने एवढेच विचारले.

दरमहा ८,४०० रुपये पेन्शन खात्यात जाणार, पण कराचे ६,१७५ कापले जाणार नाहीत. दर हेच राहिले तर हातात कमी येणार २,२२५ रुपये. अर्थात हे ८,४०० निवृत्तीच्या खात्यात अडकणार, मनात आले की काढता येणार नाहीत, हेही मी प्रामाणिकपणे सांगितले. तिला तोच या योजनेतला सर्वांत मोठा गुण वाटला.

रविवारी दाजी आले. मी त्यांना सगळे पहिल्यापासून, आकड्यांसकट समजावून सांगितले. ते शांतपणे ऐकत राहिले आणि शेवटी वाटी पुढे करीत म्हणाले, “म्हंजे एनपीएसमध्ये टाका, असंच म्या सांगितलं हुतं की.”