क्रोएशियाची फेरी: गाडी, केबिन आणि तो ‘परतीचा’ चौकोन

इटलीत राहणाऱ्या आपल्या मराठी मंडळींपैकी बरेच जण उन्हाळ्यात क्रोएशियाला जायचं ठरवतात, आणि मग फेरीच्या, म्हणजे गाड्याही नेणाऱ्या जहाजाच्या, बुकिंगच्या पडद्यावर अडकतात. माझं स्पष्ट मत सांगते: हा पडदा प्रश्न उलट्या क्रमाने विचारतो. आधी ‘एकेरी की परतीचा’, मग माणसं, मग गाडी, शेवटी केबिन. पण परतीचं उत्तर द्यायला गाडी कुठून कुठे फिरणार आणि परत येताना गाडीत कोण असणार हे ठरलेलं लागतं. ते न ठरवता पहिल्याच चौकोनावर टिक केली की पुढचं सगळं त्या टिकच्या मागे फरफटत जातं.

आमचंच उदाहरण घेते. आम्ही मिलानला राहतो. पुण्याहून सासू-सासरे आले होते, आणि क्रोएशियाच्या किनाऱ्यावरचं स्प्लिट शहर अन् ह्वार बेट असा बेत होता. रस्त्याने जायचं तर त्रिएस्तेवरून स्लोव्हेनिया ओलांडून स्प्लिटपर्यंत साधारण साडेआठशे किलोमीटर. त्याऐवजी इटलीच्याच पूर्व किनाऱ्यावरच्या अँकोना बंदरापर्यंत सव्वाचारशे किलोमीटर गाडी चालवायची, संध्याकाळी गाडीसकट जहाजात चढायचं आणि सकाळी स्प्लिटला उतरायचं. सत्तरीच्या माणसांना दिवसभर गाडीत बसवण्यापेक्षा हे बरं. शिवाय १ जानेवारी २०२३ पासून क्रोएशिया शेंगेनमध्ये आहे. आधी सिंगल एंट्री व्हिसावर आलेल्या आई-बाबांना इटलीतून क्रोएशियात नेलं की परत येण्याची पंचाईत व्हायची, ती आता नाही. पासपोर्ट मात्र सगळ्यांचे जवळ हवेतच.

आता तो परतीचा चौकोन. आंतरराष्ट्रीय मार्गावर परतीचं तिकीट एकत्र काढलं तर येतानाच्या प्रवासावर अनेकदा सवलत असते, म्हणून हात आपोआप तिकडे जातो. पण सासू-सासरे स्प्लिटहून विमानाने पुढे जाणार होते. म्हणजे जाताना चौघं आणि गाडी, येताना दोघं आणि गाडी. मी बघत होते त्या पडद्यावर परतीचा पर्याय घेतला की तीच माणसं, तीच गाडी, तसंच केबिन दोन्ही बाजूंना लागत होतं.

मग कागद घेतला. सोपं जावं म्हणून आकडे मनाचेच धरले: बिछान्यासकट माणशी १००, गाडीचे १००, आणि येताना वीस टक्के सूट. चौघांचं सरसकट परतीचं काढलं तर जाताना ५००, येताना ४००, एकूण ९००. यात न येणाऱ्या दोघांचे पैसे सूट देऊनही भरतोय. दोन वेगळी एकेरी तिकिटं काढली तर जाताना ५००, येताना ३००, म्हणजे ८००. सूट सोडून दिली तरी शंभर वाचले. तिसरी वाट म्हणजे आम्हा दोघांचं गाडीसह परतीचं (३०० अधिक २४०) आणि सासू-सासऱ्यांचं वेगळं एकेरी (२००), एकूण ७४०. कागदावर हेच सगळ्यात स्वस्त. तरी आम्ही ८०० वाली वाट धरली. कारण केबिन.

केबिन निवडताना आधी एक गोष्ट बघा: दाखवलेला भाव बिछान्याचा आहे की अख्ख्या खोलीचा? अॅड्रियाटिकवरच्या या जहाजांवर बरेचदा तो माणशी, म्हणजे बिछान्याचा असतो. चार बिछान्यांच्या केबिनमधला एक बिछाना घेतला तर उरलेल्या तिन्हींवर अनोळखी माणसं येऊ शकतात, आणि अशा वेळी बायका एका खोलीत, पुरुष दुसऱ्या खोलीत अशी विभागणी होते. म्हणजे नवरा-बायकोंनी ‘चार बिछान्यांमधले दोन’ स्वस्तात घेतले तर रात्री ते वेगवेगळ्या खोल्यांत. तिघांच्या कुटुंबाला अख्खी खोली हवी असेल तर रिकाम्या बिछान्याचे जादा पैसे भरायची तयारी ठेवावी लागते. चौघं असाल तर चार बिछान्यांची खोली बरोबर बसते, प्रश्नच मिटतो.

दुसरं म्हणजे हे बिछाने वर-खाली असतात, आणि दोन बिछान्यांच्या खोलीतही बरेचदा एक वर, एक खाली. आपल्या रेल्वेत ज्येष्ठांना खालचा बर्थ मिळावा म्हणून निदान सोय आहे. मी बघितलेल्या बुकिंगमध्ये तसा पर्यायच नव्हता. सासू-सासऱ्यांचं वेगळं बुकिंग केलं असतं तर दोघांपैकी एकाला रात्री शिडी चढावी लागली असती. चौघं एका खोलीत असलो की खालचे दोन त्यांचे, वरचे दोन आमचे. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या माणसाला साठ युरो वाचवण्यासाठी शिडीवर चढवणं मला पटत नाही. ज्यांना पटतं त्यांनी ७४० वाली वाट जरूर घ्यावी.

खिडकीचं केबिन की आतलं, यावर लोक फार डोकं शिणवतात. रात्रीच्या प्रवासात बाहेर काळोखच असतो, त्यामुळे मी तो पैसा स्वच्छतागृहावर घालवते. जुन्या जहाजांवर स्वस्त केबिनमध्ये नुसतं बेसिन असतं आणि संडास पॅसेजमध्ये. वर्णनात ते एका लहानशा चिन्हाने दाखवलेलं असतं, ते शोधा. तरुण असाल तर केबिन अजिबात घेऊ नका. डेकचं तिकीट काढा, फार तर मागे कलणारी खुर्ची घ्या, आणि झोपायची पिशवी बरोबर ठेवा. भरपूर लोक तसेच जातात, त्यात काही कमीपणा नाही.

गाडीच्या रकान्यात तर खरी गंमत आहे. लोक ‘कार’ निवडून पुढे जातात. पण जहाजाला तुमची गाडी कोणत्या कंपनीची आहे याच्याशी देणंघेणं नाही, ती किती जागा खाते एवढंच बघायचं असतं. लांबी आणि उंची दोन्ही. आमची गाडी दीड मीटर उंच. वर आडव्या पट्ट्या आणि सामानाचा डबा बसवला की पन्नास सेंटिमीटर वाढले, म्हणजे सरळ दोन मीटर. गाडीच्या कागदपत्रांतली उंची टाकली असती तर ती खोटीच ठरली असती. साध्या गाडीचा वर्ग किती उंचीपर्यंत, ते त्या पडद्यावर लिहिलेलं असतं. डबा लावून, टेप घेऊन मोजा आणि मगच आकडा टाका. मागे सायकलींचा स्टँड असेल तर लांबीतही तो धरा. बंदरावर फरक लक्षात आला तर वरचे पैसे भरावे लागतात, आणि जहाज भरलेलं असेल तर उंच गाड्यांच्या भागात जागा शिल्लक असेलच असं नाही. आम्ही शेवटी डबा घरीच ठेवला आणि बॅगा कमी केल्या.

इटलीत गॅसवर चालणाऱ्या गाड्या खूप, म्हणून हेही सांगते: एलपीजी असेल तर बुकिंगमध्ये सांगावं लागतं. त्या गाड्या कुठे उभ्या करायच्या हे जहाजवाले ठरवतात. भाड्याची गाडी असेल तर अडचण वेगळीच. नंबर प्लेट विचारतात, आणि ती गाडी हातात येईपर्यंत आपल्याला माहीत नसते. नंतर नंबर बदलता येतो का हे आधी बघा, आणि भाड्याने देणाऱ्याकडून फेरीवर न्यायची परवानगी लेखी घ्या. विम्यात जहाजाचा प्रवास बसत नाही अशा अटी अनेक करारांत असतात.

हो, आणि चालक गाडीच्या तिकिटात येत नाही. गाडीचं वेगळं, चालवणाऱ्याचं वेगळं. चार माणसं असतील तर चारच लिहायची, ‘गाडी अधिक तीन’ नव्हे.

हे झालं समुद्र ओलांडण्याचं. स्प्लिटहून ह्वार बेटावर जायचं तिकीट बऱ्याचदा अँकोनाचं जहाज चालवणाऱ्या कंपनीच्याच साइटवर मिळतं, म्हणजे क्रोएशियाच्या सरकारी यादरोलिनियाच्या, आणि तिथे नियम पार वेगळे. लोक यादीतून स्प्लिट ते ह्वार निवडतात, गाडीचा पर्याय दिसत नाही, आणि गाड्यांची जागा संपली असं समजून हिरमुसतात. जागा संपलेली नसते. ह्वार गावाला कॅटामरान, म्हणजे वेगवान बोट, जाते, ती फक्त माणसांची, सुमारे तासाभराची. गाडीची फेरी त्याच बेटावरच्या स्टारी ग्राड बंदराला जाते, दोन तासांत. तिथून ह्वार गाव वीसेक किलोमीटर. यादीत ‘Split – Stari Grad’ निवडा, गाडीचा रकाना लगेच उघडतो. केबिनचा मात्र इथे कुठेच उघडणार नाही. जुन्या प्रवासपुस्तकांत रियेका ते दुब्रोवनिक अशा किनाऱ्यालगतच्या रात्रीच्या जहाजाचं वर्णन सापडतं, पण ती सेवा केव्हाच बंद झाली आहे.

या स्थानिक फेऱ्यांवर परतीच्या टिकला मला तरी अर्थ दिसत नाही. दोन एकेरी तिकिटं घेतली तरी खिशाला फरक पडत नाही, आणि परतीचं काढलं तर उलट हात बांधले जातात. आम्हाला ह्वारनंतर दुब्रोवनिककडे जायचं होतं. मग परत स्टारी ग्राडहून स्प्लिटला यायचं कशाला? बेटाच्या पूर्व टोकाला सुचुराय आहे, तिथून मुख्य भूमीवरच्या द्रवेनिकला अर्ध्या-पाऊण तासाची छोटी फेरी मिळते. बेटावरचा तो रस्ता अरुंद आणि वळणांचा आहे, तासाच्या वर वेळ धरा. पण स्प्लिटची गर्दी टळते आणि दक्षिणेकडचं बरंचसं अंतर कापलेलं असतं. सुचुरायची फेरी लहान आहे, गाड्या कमी मावतात, म्हणून शेवटच्या फेरीवर विसंबू नका.

एक गोष्ट मी नातेवाइकांना पुन्हा पुन्हा सांगते, तरी ती कुणाला खरी वाटत नाही. अशा बऱ्याच स्थानिक मार्गांवर गाडीचं तिकीट काढलं म्हणजे अमुक वाजताच्या जहाजात जागा पक्की झाली असं नसतं. तिकीट त्या मार्गाचं आणि दिवसाचं. जहाजात कोण चढणार हे रांग ठरवते. आपल्या मार्गावर कोणता नियम आहे ते तिकिटावर वाचा. जुलै-ऑगस्टमध्ये शनिवार टाळा, कारण भाड्याची घरं तिकडे शनिवार ते शनिवार दिलेली असतात आणि अख्खं बेट एकाच दिवशी रिकामं होऊन भरतं. अँकोनाचं जहाज शनिवारी सकाळी स्प्लिटला लागणार असेल तर त्याच दिवशी पुढची फेरी गाठायचा अट्टहास नको. स्प्लिटला एक मुक्काम ठेवा, आणि हॉटेलची तारीख निघण्याची नव्हे, पोचण्याची टाका. रात्रीच्या जहाजाच्या तिकिटावर निघायची तारीख ठळक असते, पोचायची बारीक.