मध्यस्थी, समेट, लवाद: न जाण्याची किंमत तिन्हीकडे वेगळी

ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या लघुउद्योजकांच्या ग्रुपांवर फिरणारा मेसेज: «मीडिएशन, कन्सिलिएशन, आर्बिट्रेशन सगळं सारखंच. मधे एक माणूस बसतो, समजूत घालतो. पटलं नाही तर उठायचं आणि कोर्टात जायचं. नोटीस आली आणि गेलो नाही तरी काही होत नाही. गेलात तर तोंड बंद ठेवा, बोललेलं अंगाशी येतं.»

एक व्यवहार धरून बोलू. रबाळे एमआयडीसीतल्या, उद्यम नोंदणी असलेल्या एका छोट्या कारखान्याने वागळे इस्टेटमधल्या कंपनीला फॅब्रिकेशनचा माल दिला. बिल 8 लाखांचं. कंपनी म्हणते, दोन लाखांचा माल सदोष होता, म्हणून सगळंच पेमेंट अडवलंय.

«मधे एक माणूस बसतो» इथपर्यंत मेसेज बरोबर आहे. तो माणूस काय करू शकतो, ते मात्र तिन्हीकडे वेगळं. मध्यस्थ दोघांशी एकत्र बोलतो, मग एकेकाला वेगळं बसवून विचारतो: सदोष माल दुरुस्त करून दिला तर चालेल का, हप्ते पाळता येतील का. आकडा पक्षकारांच्या तोंडून यावा, अशी त्याची धडपड असते. समेट घडवणारा एक पाऊल पुढे जातो. «साडेसहा लाख आता द्या, उरलेलं दुरुस्तीनंतर» असा प्रस्ताव तो स्वतः मांडू शकतो. 1996 च्या लवाद व समेट कायद्यातच तशी तरतूद आहे. दोघांनाही तो नाकारता येतो. लवाद मात्र पुरावे बघून निवाडा देतो. तो मान्य आहे का, असं तुम्हाला कुणी विचारत नाही.

म्हणूनच «गेलो नाही तरी काही होत नाही» हे वाक्य सगळ्यात घातक आहे. तीन लाख किंवा त्याहून मोठ्या व्यापारी वादात तातडीचा मनाई हुकूम नको असेल, तर दाव्याआधी विधी सेवा प्राधिकरणाकडे मध्यस्थीचा अर्ज करावा लागतो. समोरची कंपनी तिथे आलीच नाही, तर मध्यस्थी सुरू झाली नाही असा अहवाल मिळतो आणि कारखानदार दावा लावतो. इथवर मेसेज खरा ठरतो. लवादापुढे मात्र तुम्ही गैरहजर राहिलात, तर समोर असलेल्या पुराव्यावर निवाडा होऊ शकतो आणि त्याची वसुली कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखीच होते.

छोट्या कारखानदाराने 2006 च्या एमएसएमई कायद्याखाली, थकलेल्या बिलांचे वाद हाताळणाऱ्या सुविधा परिषदेकडे अर्ज केला, तर दोन पायऱ्या एकाच दारात येतात. आधी समेट. तो फसला की तीच परिषद लवाद म्हणून बसू शकते, किंवा प्रकरण एखाद्या लवाद संस्थेकडे देऊ शकते. एरवी समेट घडवणाऱ्याला त्याच वादात लवाद होता येत नाही, पण इथे चालतं, असं सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये सांगितलं. त्याआधीच्या एका प्रकरणात परिषदेने, समोरचा पक्ष समेटाला आला नाही म्हणून थेट पैसे भरण्याचा आदेश काढला होता. सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये तो रद्दबातल ठरवला, कारण लवादाची पायरी झालीच नव्हती. पायऱ्या सारख्याच असत्या, तर तो आदेश टिकला असता.

«नंतर कोर्टात जायचं» हेही हिशोब करून बघा. लवाद निवाड्याला आव्हान, निवाडा हाती मिळाल्यापासून तीन महिन्यांत द्यावं लागतं. सबळ कारण असेल तर आणखी 30 दिवस, त्यापुढे नाही. कोर्ट पुरावा नव्याने तोलत नाही, मोजक्याच कारणांवर हात घालतं. परिषदेचा निवाडा व्याज धरून 10 लाखांचा झाला, तर आव्हान देण्याआधी खरेदीदाराला साडेसात लाख, म्हणजे 75 टक्के, भरावे लागतात. व्याजही साधं नसतं: रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ.

तोंड बंद ठेवण्याचा सल्ला तर समेटाचा जीवच घेतो. समेटात दिलेला देकार, केलेली कबुली, सुचवलेला तोडगा हे पुढे लवादात किंवा कोर्टात पुरावा म्हणून वापरता येत नाहीत. «सात लाखांवर मिटवू» म्हणालात, म्हणून सात लाखांचं देणं सिद्ध होत नाही. आधीच तयार झालेले कागद, म्हणजे चलन, बिल, खातेउतारा, मात्र पुरावाच राहतात. वागळेतल्या कंपनीने माल मिळाल्यापासून 15 दिवसांत लेखी हरकत घेतली नसेल, तर माल स्वीकारला असं धरून पैशांची मुदत मोजली जाते. फोनवरच्या तक्रारीने ती थांबत नाही.

2023 च्या मध्यस्थी कायद्यानुसार समेटही मध्यस्थीतच धरायचा आहे, पण ऑक्टोबर 2023 मध्ये त्यातली काहीच कलमं लागू झाली. म्हणून आलेल्या पत्रावरच्या शब्दापेक्षा कलम वाचा. 1996 च्या कायद्याचं कलम 62 असेल, तर ते समेटाचं आमंत्रण आहे आणि 30 दिवसांत उत्तर दिलं नाही तर पाठवणारा तो नकार धरू शकतो. कलम 21 असेल, तर पत्र हाती पडलं त्या दिवशी लवाद सुरू झालेला आहे.