तीर्थस्वरूप काकांस नोटीस

इंदूरमध्ये मकान खाली करायचं म्हणजे सामान बांधणं हे सगळ्यात सोपं काम. खरं काम म्हणजे मकान मालकाला ते सांगणं, आणि तेही लेखी, आणि मकान मालक जर मराठी असेल, खालच्याच मजल्यावर राहत असेल आणि त्याला तुम्ही पावणेतीन वर्षं काका म्हणत असाल तर मग विचारूच नका.

आमचं घर सुदामा नगरात, वरच्या मजल्यावरचा दोन बेडरूमचा फ्लॅट. बायकोचं ऑफिस विजय नगरला गेलं, रोज पलासियाच्या जाममध्ये तिचा तास-सव्वा तास जायला लागला, म्हणून आम्ही तिकडे घर बघितलं. आता काकांना सांगायचं. काका सरकारी हिशेब खात्यातून रिटायर झालेले, त्यामुळे तोंडी काही सांगितलं की म्हणतात "बघू", आणि लेखी दिलं की म्हणतात "आपल्यात हे काय?"

मी आधी तोंडीच सांगून पाहिलं. जिन्यात भेटले तर म्हटलं, काका, पुढच्या महिन्यात शिफ्ट व्हायचा विचार आहे. काका म्हणाले, "विचार चांगला असतो." आणि दूध घेऊन आत गेले. आठ दिवसांनी व्हॉट्सअॅप केला, तर काकांनी निळी टिक बंद करून ठेवलेली, पाहिला की नाही देव जाणे, पण त्याच दुपारी त्यांनी मला एक गुड मॉर्निंगचं गुलाबाचं फूल पाठवलं, म्हणजे फोन चालू होता.

मग मेहुण्याला विचारलं. तो जिल्हा कोर्टात वकिली करतो आणि फुकट सल्ल्याच्या बदल्यात रविवारचे पोहे खातो, वर जिरावन टाकून, दोनदा. त्यानं आधी अॅग्रीमेंट मागितलं. अॅग्रीमेंट अकरा महिन्यांचंच असतं, कारण वर्षाच्या वर गेलं की रजिस्ट्री करावी लागते आणि तो खर्च ना मालकाला हवा असतो ना किरायेदाराला. आमचं 1 सप्टेंबर 2022 ला सुरू झालं, 31 जुलै 2023 ला संपलं, आणि त्यानंतर दर वर्षी काका जिन्यात म्हणायचे "पाचशे वाढव" आणि मी वाढवायचो, बस एवढाच करार. 13,000 चे 14,000 असे झाले.

मेहुणा म्हणाला, हे बघ, करारात काही ठरलेलं नसेल तर महिन्या-महिन्याच्या किरायेदारीला पंधरा दिवसांची लेखी नोटीस पुरते, 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम 106. आणि दिवस मोजायचे नोटीस मिळाल्यापासून, तू लिहिल्यापासून नाही. पूर्वी ती महिना भरतो तिथेच संपायला लागायची, ती अट 2002 च्या दुरुस्तीत गेली. पण तुझ्या जुन्या अॅग्रीमेंटमध्ये 'एक महिन्याची लेखी पूर्वसूचना' आहे, आणि मुदत संपल्यावर तसंच राहत गेलास की जुन्या अटी बहुतेक तशाच चालू धरतात, तर शहाणपणा करू नको, महिना दे. आणि पोच घे, पोच नसेल तर ती नोटीस नाही, निबंध आहे.

मग लिहायला बसलो आणि पहिल्याच ओळीत अडकलो. नोटीस कशी सुरू करतात? 'प्रति, श्री' लिहिलं तर काकू दुसऱ्या दिवसापासून आमटीची वाटी पाठवणार नाहीत. शेवटी असं लिहिलं:

"तीर्थस्वरूप काकांस साष्टांग नमस्कार. विनंती विशेष. आपला वरच्या मजल्याचा फ्लॅट आम्ही रविवार 15 जून रोजी खाली करून ताबा देत आहोत. हे पत्र अॅग्रीमेंटमधील एक महिन्याची पूर्वसूचना समजावे. जूनचा किराया 15 दिवसांचा, म्हणजे 7,000 रुपये, 5 तारखेच्या आत देऊ. आपल्याकडे जमा असलेले डिपॉझिट 26,000 रुपये चाबी देतेवेळीच परत मिळावे. काही कपात करायची असेल तर ती कशाची व किती, हे बिलासह लेखी कळवावे. त्यासाठी रविवार 8 जून रोजी सकाळी आपण व आम्ही मिळून घराची पाहणी करावी, म्हणजे जे दुरुस्त करायचे ते आठवड्यात करून देता येईल. लाइटच्या सबमीटरचे रीडिंग 15 तारखेला दोघांसमोर घेऊ. काकूंना नमस्कार. आपला आज्ञाधारक."

बायकोनं वाचून विचारलं, हे घर सोडतोयस की मुंजीचं आमंत्रण देतोयस?

11 मे, रविवार. दोन प्रती घेऊन खाली गेलो. काकांनी चष्मा लावला, खिशातून लाल पेन काढलं, आणि आधी 'विशेष'मधल्या पोटफोड्या षचं पोट नीट फोडलं, मी घाईत साधा प काढला होता. मग दुसऱ्या प्रतीवर सही मागितली तर दोन मिनिटं शांत. आतून काकूंच्या मिक्सरचा आवाज तेवढा. मग त्यांनी सही केली, तारीख टाकली, वेळसुद्धा टाकली, आणि खाली बारीक अक्षरात लिहिलं: "फक्त पोच. मजकूर मान्य नाही."

मला घाम फुटला. मेहुण्याला फोटो पाठवला तर तो म्हणाला, अरे फर्स्ट क्लास! मान्य कुणाला हवंय, मिळाली एवढंच हवंय.

संध्याकाळी काका वर आले. मान्य नसलेले मुद्दे दोन. एक, महिना म्हणजे एक तारखेपासून अखेरपर्यंत, म्हणून किराया 30 जूनपर्यंतचा. दोन, डिपॉझिट 26,000 नव्हे, 21,000. मी म्हटलं काका, पाच हजार बयाना दिला नव्हता का मी, रोख, इथेच, तुम्ही नोटा दोनदा मोजल्या. काका म्हणाले, "पावती?" पावती कुठली! बयान्याची पावती मागितली असती तर हे घरच मिळालं नसतं. पण अॅग्रीमेंट निघालं, पान दुसरं, तिथे आकड्यात 26,000 आणि अक्षरी 'छब्बीस हजार', खाली काकांची सही, तीच, शेपटीवाली. काकांनी कागद उजेडात धरून बघितला, उलटा करून बघितला, म्हणाले, "टायपिस्टची चूक नसेल तर बरोबर आहे." महिन्याचं मात्र त्यांनी सोडलं नाही. मी म्हटलं, अॅग्रीमेंटमध्ये 'एक महिना' आहे, 'कॅलेंडरचा महिना' नाही, 11 मेला दिली, 15 जून म्हणजे महिन्याच्या वर चार दिवस तुम्हाला बोनस. हिशेब खात्याच्या माणसाला बोनस हा शब्द फार लागला, पण बोलले काही नाहीत.

8 जूनची पाहणी. तारीख काकांनी मान्य केली कारण त्या दिवशी नर्मदा होती. बाहेरच्यांना सांगतो, इंदूरमध्ये नळाला पाणी येत नाही, नर्मदा येते, आणि आमच्याकडे एक दिवसाआड. काकांचं म्हणणं, टाकी पूर्ण भरलेली असल्याशिवाय फ्लश गळतो की नाही हे कळत नाही, आणि ते खरं होतं, मला सुचलं नव्हतं. त्यांनी फ्लशच्या टाकीत काकूंची हळद टाकली आणि वीस मिनिटं बाथरूमच्या दारात खुर्ची टाकून बसले. खाली भांड्यात पिवळं उतरलं नाही. काका थोडे नाराज दिसले.

मग टॉर्च घेऊन भिंती. काकांनी वहीत लिहायला सुरुवात केली: हॉल, खिळे 14. बेडरूम, खिळे 6. सगळ्या घराचं पेंटिंग 8,000. आता इथे माझ्याकडे एकच शस्त्र होतं, ते म्हणजे बायको. तिनं 2022 मध्ये सामान आत घ्यायच्या आधी रिकाम्या घराचे चोपन्न फोटो काढले होते, मी तेव्हा तिला हसलो होतो, आणि ते आईला पाठवले होते, म्हणजे पाठवल्याची तारीख चॅटमध्ये तशीच पडलेली. ती एकेक फोटो झूम करत गेली आणि काका एकेक खिळा खोडत गेले. हॉलचे चौदापैकी अकरा आधीचेच. राहिले तीन. त्यातला एक दारावरचा. काकू जिन्यातून वर येत म्हणाल्या, "अहो तो मीच ठोकला, गणपतीच्या तोरणाला, ह्यांचा हात पोचेना."

काकांनी वही मिटली नाही, पण पेनला टोपण लावलं.

पेंटिंगचं मी म्हटलं, वापरानं फिका झालेला रंग हा वापर, नुकसान नाही, कायद्यातसुद्धा स्वाभाविक झीज सोडूनच घर परत द्यायचं असतं. पण लहान बेडरूमच्या भिंतीवर आमच्या चिरंजीवांनी मेणाच्या खडूनं कचरागाडी काढली होती, ओल्या-सुक्या डब्यांसकट, निळा-हिरवा बरोबर. ही झीज नव्हे हे मलाही मान्य करावं लागलं. ती एक भिंत, 2,200. किचनचा नळ सैल, प्लंबरचं बिल 450. गीझर काकांनी चालू करून हात भाजून घेतला, म्हणजे चालत होता.

15 तारखेला रिकामं घर, सबमीटरसमोर आम्ही दोघं, काकांच्या हातात टॉर्च, माझ्या हातात मोबाइल. मागच्या बिलाचं रीडिंग 3,326, आजचं 3,412, म्हणजे 86 युनिट, ठरलेल्या आठ रुपयांनी 688. काकांनी वजाबाकी कागदावर केली, मग पाटीवर ताळा घ्यावा तशी उलटी बेरीज करून बघितली. 26,000 मधून 688, 450 आणि 2,200 गेले, राहिले 22,662. मी म्हटलं वरचे बासष्ट राहू द्या काका. काका असे बघायला लागले जसं काही मी त्यांना लाच देतोय. चेक 22,662 चाच मिळाला. जूनचे उरलेले 7,000 त्यांनी काढलेच नाहीत विषयात, मीही नाही काढले.

खाली येऊन तीन चाब्यांचा जुडगा दिला. काकांनी आतून एक कागद आणला, आधीच लिहून ठेवलेला, लाल रेघा मारून: 'डिपॉझिटचा हिशेब पूर्ण, किरायेदाराची कोणतीही तक्रार नाही, घरमालकाची वागणूक सौजन्यपूर्ण.' सही कर म्हणाले. मी पेन मागितलं, त्यांनी लालच दिलं. मी सही केली, तारीख टाकली, वेळ टाकली, आणि खाली बारीक अक्षरात लिहिलं: "चेकची फक्त पोच. तो वटल्यावर मजकूर मान्य."

काकांनी चष्मा वर करून वाचलं. मग परत वाचलं. मग खिशातून पेनाचं टोपण काढून माझ्याकडून पेन घेतलं आणि म्हणाले, "शिकलास."

तेवढ्यात आतून काकूंचा आवाज आला, अहो नर्मदा आली, मोटर लावा, आणि काका चाब्या तशाच सोफ्यावर टाकून पळाले.