अपिलाआधी वीस टक्के भरायची अट इन्कम टॅक्समध्ये नाही

“इन्कम टॅक्सची ऑर्डर आली की मागणीच्या 20 टक्के भरल्याशिवाय अपील घेतच नाहीत. महिना उलटला की हक्क संपला. आणि नोटिशींना उत्तर दिलं नसेल तर आता नवे कागद चालत नाहीत. उगाच खर्चात पडू नका.”

तासगाव-सांगलीकडच्या बेदाणा उत्पादकांनी हा मेसेज वाचून अपील सोडू नये, म्हणून लिहितोय. एक उदाहरण घेऊ. समजा, शेतकऱ्याने रिटर्न भरलेलं नाही, खात्यात 9,40,000 रुपये रोख भरलेत. नोटिसा जुन्या ई-मेलवर गेल्या, उत्तर गेलं नाही, आणि 1961 च्या कायद्याच्या कलम 144 खाली एकतर्फी आदेश होऊन सगळी रक्कम कलम 69अ खाली, म्हणजे कुठून आली ते न सांगितलेली रोकड म्हणून, उत्पन्नात धरली गेली.

वीस टक्क्यांचा संबंध वसुलीशी आहे, अपिलाशी नाही. अपील दाखल झाल्याने वसुली आपोआप थांबत नाही. त्यासाठी कलम 220(6) खाली आदेश काढणाऱ्या अधिकाऱ्याकडे वेगळा अर्ज करावा लागतो, आणि तिथे साधारण 20 टक्के भरायला सांगतात. अपिलासोबत ठरावीक टक्के भरायची सक्ती जीएसटीत आहे.

इथली खरी अडचण दुसरीच आहे आणि मेसेजमध्ये तिचा उल्लेखही नाही. रिटर्न भरलेलं नसेल तर कलम 249(4) प्रमाणे देय आगाऊ कराएवढी रक्कम आधी भरलेली लागते. अपिलाच्या फॉर्म 35 मध्ये तसा प्रश्नच आहे. तिथे नुसतं ‘नाही’ लिहून सोडलं तर अपील गुणदोषांपर्यंत न जाताच फेटाळलं जाऊ शकतं. उत्पन्न शेतीचं, कलम 10(1) खाली करमुक्त, म्हणून आगाऊ कर देयच नव्हता, हे कारण देऊन सूट मागणारा अर्ज सोबत जोडा.

मुदत 30 दिवसांची, मागणीची नोटीस मिळाल्यापासून. मिळाल्याचा दिवस धरत नाहीत: 12 मार्चला मिळाली तर शेवटचा दिवस 11 एप्रिल. उशीर झाला तर सबळ कारण दाखवून विलंबमाफी मागता येते. तिच्यासाठी तारखांसह कारण लिहा.

फी ठरवलेल्या उत्पन्नावर असते: एक लाखापर्यंत 250, दोन लाखांपर्यंत 500, त्यावर 1,000 रुपये. इथे 1,000. चलन, आदेश आणि मागणीची नोटीस फॉर्मसोबत जोडायची.

नव्या कागदांना नियम 46अ ची वाट आहे. आधी ते का देता आले नाहीत, हे पटवावं लागतं. जुन्या ई-मेलवर गेलेल्या नोटिसा हे इथलं कारण. सातबारा पीक पाहणीसह, कोल्ड स्टोरेजच्या पावत्या आणि अडत्याच्या पट्ट्या जोडा, त्यांची यादी फॉर्ममध्येच द्या. मुद्दाही नेमका हवा. ‘आदेश चुकीचा आहे’ एवढ्याने भागत नाही. ‘रोकड बेदाणा विक्रीची असल्याने 69अ लागू नाही’ असं लिहा. हे कागद अधिकाऱ्याकडे अहवालासाठी जातात. पट्टी ऑगस्टची आणि भरणा जानेवारीचा असेल, तर मधल्या काळात रोकड कुठे होती हे तथ्यांच्या निवेदनातच सांगून टाका.