रजेच्या अर्जात ‘आज्ञाधारक’ कोणी लिहायचं?

आज डोकं तापलंय, म्हणून लिहितोय. माझा मामेभाऊ नुकताच सरकारी कचेरीत लागलाय. गोव्यातल्या शिरगावच्या लईराई देवीचा तो धोंड, म्हणजे जत्रेचं व्रत पाळणारा भक्त. जत्रेच्या व्रतासाठी रजा हवी, म्हणून त्याने मराठीत अर्ज लिहिला. तर तिथला एक ज्येष्ठ म्हणतो, “हें मराठीचें नाटक कित्याक? इंग्लिशींत दोन ओळी बरय मरे!” अरे, गोव्याच्या १९८७ च्या राजभाषा कायद्यात मराठीच्या वापराला जागा आहे, आणि तुम्ही पोराला हसता?

अर्ज बिघडला होता, हे मान्य. वर ‘परमपूज्य आदरणीय मा. श्री. मॅडम’. मध्ये एका ओळीत ‘तुम्ही’, पुढच्या ओळीत ‘आपण’. ‘मला चार दिवस रजा द्या’ आणि खाली ‘आपला आज्ञाधारक’. पण पोर घरी कोंकणी बोलतं, शाळेत अर्जाचा साचा पाठ करतं. त्याला कोणी बसवून सांगितलं होतं का?

विशेषणांची रास घालून मान वाढत नाही. साहेबीण आहेत, तर पाकिटावरच्या पत्त्यासारखं ‘प्रति, मा. उपसंचालक’ आणि खाली कचेरीचं नाव. मग ‘विषय : रजा मिळणेबाबत’ आणि ‘महोदया,’. झालं! खरा मान क्रियापदात असतो. ‘द्या’ हा हुकूम झाला. ‘आपण रजा मंजूर करावी, ही नम्र विनंती’ यात मागणारा मागतो आणि देणारीचा अधिकारही राहतो. एकदा ‘आपण’ धरलं की शेवटपर्यंत ‘आपण’च. रजा कधीपासून कधीपर्यंत आणि कशासाठी, हे मधल्या दोन वाक्यांत यायला हवं.

आणि ते ‘आज्ञाधारक’! ते विद्यार्थ्याचं. शाळेत शिक्षकांना लिहिताना मुलगा ‘आपला आज्ञाधारक विद्यार्थी’ लिहितो, मुलगी ‘आपली आज्ञाधारक विद्यार्थिनी’. इथे कित्येक मुली ‘आपला’च ठेवून देतात, कारण साच्यात तसं असतं. पगार घेणारा नोकरदार अधिकाऱ्याचा शिष्य नव्हे. त्याने ‘आपला विश्वासू’, तिने ‘आपली विश्वासू’ लिहावं, खाली सही, नाव, हुद्दा. ‘लोभ असावा’ मामीच्या पत्रात शोभतं, कचेरीत नाही.

ऑनलाइन रजा टाकली की हे काही लागत नाही, बरं, तेही खरं.

संध्याकाळी भाऊ घरी आला, दोघांनी मिळून तो अर्ज पुन्हा लिहिला. ‘व्रतासाठी’ की ‘धार्मिक कारणासाठी’, यावर त्याचं अडलं. मी म्हटलं, सरळ लिही, ‘शिरगावच्या श्री लईराई देवीच्या जत्रेनिमित्त धोंड म्हणून व्रत पाळायचे असल्याने’. कारण स्पष्ट असलं की साहेबिणीलाही ठरवणं सोपं. त्याने ते वळणदार अक्षरात लिहिलं, तेव्हा माझा राग बराच उतरला.

आता पालकांनो, तुमच्यासाठी एक. मुलाला ताप आला म्हणून वर्गशिक्षिकेला तुम्ही चिठ्ठी लिहिता, तेव्हा खाली ‘आपली आज्ञाधारक’ नको. तुम्ही विद्यार्थी नाही. वडील असाल तर ‘आपला नम्र’, आई असाल तर ‘आपली नम्र’ लिहा, खाली तुमचं नाव, आणि त्याखाली ‘पालक’ लिहून मुलाचं नाव नि इयत्ता घाला.