बाकी शून्य

महिन्याच्या वीस तारखेपासून मी रोज सकाळी दहाला एक यादी काढते. कुणाचा खाते नंबर नाही, कुणाचा आयएफएससी नाही, कुणाचं पॅन नाही. कारखान्यात त्यामुळे माझं नाव 'पासबुकवाल्या ताई' पडलंय. मी कँटीनमध्ये शिरले की चौघे-पाच जण अर्धा चहा टाकून हात धुवायला उठतात.

रद्द केलेला चेक मागितला तर चेकबुकच नसतं. पासबुकाचं पहिलं पान मागितलं तर शेवटचं येतं, आणि कुणाच्या खात्यात किती शिल्लक आहे हे मला उगाचच कळतं. वेल्डिंगच्या मामांनी मात्र पहिलंच पान पाठवलं. अंगठ्यासकट. अंगठा नेमका आयएफएससीवर.

"मामा, अंगठा काढून पाठवा ना."

"अंगठा काढला तर पासबुक धरू कशानं, ताई?"

यादीचं सूत्र साधं होतं:

```
=IF(F2="","बाकी","OK")
```

चौकट रिकामी असेल तर बाकी. हे आमच्या एका सुपरवायझरने ताडलं आणि आपल्या नऊ माणसांपुढे 'उद्या देतो' लिहून टाकलं. बाकी एका रात्रीत नऊने घटली. साहेबांनी केलेलं कौतुक मी मान खाली घालून घेतलंसुद्धा.

कळल्यावर मी लांबीची अट घातली, कारण आयएफएससी अकरा अक्षरांचाच असतो. एक्सेल काना-मात्रा, पाय मोडलेलं अक्षर, मधली जागा सगळं मोजतं. त्या हिशोबाने 'उद्या देतो' दहा भरतं. नऊ जण सापडले. शेवटी पूर्णविराम दिला असता तर सुटले असते.

मग पाच तारखेला तो दिवस उगवला: बाकी शून्य! मी बँकेची फाइल चढवली आणि कँटीनमध्ये सन्मानाने चहा प्यायले. चार वाजता फाइल परत. एक ओळ चुकलेली. मामांची.

त्यांच्या कोडकडे मी अर्धा तास बघत होते. अक्षरं अकरा, बँकेची पहिली चार बरोबर, शाखेची शेवटची सहा बरोबर. मधलं पाचवं नेहमी शून्य असतं, तेही होतं. म्हणजे दिसायला होतं. प्रत्यक्षात इंग्रजी ओ. पुसटशा तिसऱ्या फोटोवरून डोळे बारीक करून ते टाइप करणारी मीच, त्यामुळे ओरडायलाही कुणी नव्हतं. तेव्हापासून सूत्रात ही भर आहे:

```
=AND(LEN(F2)=11,MID(F2,5,1)="0")
```

सात तारखेला पगार वेळेत झाला. संध्याकाळी मामांचा फोन आला.

"ताई, पगार आला बरं का. पण ही बँक लांब पडते. घराजवळ नवीन खातं काढलंय. पासबुकाचा फोटो पाठवलाय, बघा."

बघितला. या वेळी दोन्ही अंगठे होते.