दिव्याला पडलेलं खळं

उलटी झाली की आपल्याकडे सगळे पोटाकडे बघतात. पित्त झालं असेल, काहीतरी बाधलं असेल, उपास सोसला नसेल. त्याच वेळी एक डोळा लाल होऊन दुखतोय, हे बाई स्वतः सांगत असली तरी ऐकणाऱ्याला वाटतं, उलटीच्या जोराने झाला असेल. माझ्या मावशीच्या बाबतीत नेमकं हेच झालं, आणि तो निघाला काचबिंदूचा झटका. आणि त्यात माझीही चूक आहे, म्हणून हे लिहितेय.

मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे. दिवसभर लोकांच्या चष्म्याचे नंबर काढते. मावशी बासष्ट वर्षांची, सांगलीला असते. नंबर प्लस साडेतीन. दिवाळीनंतर एकदा फोनवर बोलता बोलता म्हणाली, "अगं, संध्याकाळी रस्त्यावरच्या दिव्याला खळं पडल्यासारखं दिसतं. चंद्राला पडतं ना, तसं. आणि रंग दिसतात गं त्यात." मी म्हटलं, मोतीबिंदूची सुरुवात असेल, पुढच्या वेळी पुण्याला आलीस की बघू. ती म्हणाली, बरं. सकाळी उठलं की सगळं स्वच्छ दिसतं, असंही तिने सांगितलं होतं. मी ते कानाआड केलं.

हे मला तिथेच खटकायला हवं होतं. मोतीबिंदूत दिवे पसरतात, डोळे दिपतात, पण ते सकाळी उठून जात नाही. येऊन-जाऊन असणारं, इंद्रधनुष्यासारखं, आत निळसर आणि बाहेर तांबूस कडा असलेलं वलय वेगळं असतं. डोळ्यातलं प्रेशर एकाएकी चढलं की डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक काचेत पाणी भरतं, आणि त्या सूक्ष्म थेंबांमधून प्रकाश फाटून रंग दिसतात. प्रेशर उतरलं की खळं गेलं. म्हणजे दिवाळीपासून मावशीच्या डोळ्याचं प्रेशर संध्याकाळी चढत होतं आणि झोपेत उतरत होतं.

संध्याकाळीच का? डोळ्याच्या आत सतत एक पाणी तयार होतं. ते बाहुलीतून पुढे येतं आणि बुबुळ व काच जिथे मिळतात त्या कोपऱ्यातल्या जाळीतून निघून जातं. प्लस नंबरचा डोळा मुळात आखूड असतो, त्यामुळे तो कोपरा अरुंद. वय वाढलं की आतलं भिंग जाड होतं आणि बुबुळाला मागून टेकतं. अंधारात बाहुली अर्धवट मोठी झाली की पाण्याची वाट अडते, मागचं पाणी बुबुळाला पुढे फुगवतं, आणि ते बुबुळ जाऊन जाळीवरच बसतं. बेसिनच्या भोकावर फडकं बसावं तसं. नळ चालूच. झोपेत बाहुली बारीक होते, म्हणून मावशीचं फडकं रोज रात्री आपोआप सुटत होतं.

जानेवारीत सुटलं नाही. तिला सर्दी झाली होती. दोन दिवस दुकानातून आणलेल्या सर्दीच्या गोळ्या घेत होती. या गोळ्यांमधली काही औषधं बाहुली मोठी करतात. (पाकिटावर कधी कधी 'काचबिंदू असल्यास घेऊ नये' असं असतं. गंमत अशी की धोका ज्यांना असतो त्या बहुतेकांना आपला कोपरा अरुंद आहे हेच ठाऊक नसतं.) रात्री दिवे घालवून टीव्ही बघत बसली. दहाच्या सुमारास उजवी भुवई आणि कपाळ ठणकायला लागलं. अकराला पहिली उलटी. काकांनी जवळच्या डॉक्टरांकडे नेलं. तिथे उलटीचं इंजेक्शन आणि पित्ताची गोळी मिळाली, अर्धशिशी असेल, अंधाऱ्या खोलीत पडून राहा असं सांगितलं. तिने डोळा दुखतोय म्हणून सांगितलं होतं, पण डोळ्यावर कुणी टॉर्च मारला नाही. आणि अंधारी खोली म्हणजे तर बाहुली आणखी मोठी करायची सोय.

सकाळी सातला काकांचा फोन. मी मावशीला म्हटलं, डावा डोळा झाक आणि समोरचं कॅलेंडर वाच. म्हणाली, "कॅलेंडर कुठलं, नुसता धूर दिसतोय." व्हिडिओ कॉल लावला. उजवा डोळा लालबुंद, काच धुकट, बाहुली डाव्यापेक्षा मोठी. काकांना मोबाइलचा टॉर्च त्या डोळ्यावर मारायला सांगितला, बाहुली ढिम्म हलली नाही. मी काकांना सांगितलं, चहासुद्धा नको, आत्ता मिरजेला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्या.

प्रेशर 58 निघालं. साधारण 10 ते 21 असतं. आधी पाणी कमी करणाऱ्या गोळ्या आणि थेंब, मग शिरेतून मॅनिटॉल, प्रेशर झपाट्याने उतरवणारं औषध. बाहुली बारीक करणारा थेंब लगेच दिला नाही, कारण एवढ्या प्रेशरला बाहुलीच्या स्नायूचा रक्तपुरवठाच तुटलेला असतो, तो थेंबाला दाद देत नाही. दुपारी प्रेशर 30 च्या खाली आलं तेव्हा तो दिला. काच स्वच्छ झाल्यावर दोन दिवसांनी लेझरने बुबुळाच्या कडेला बारीकसं भोक पाडलं, म्हणजे पाण्याला बाहुलीखेरीज दुसरी वाट मिळाली. डाव्या डोळ्यालाही पाडलं. काका कुरकुरले, "तो तर चांगला आहे ना?" चांगला आहे, पण घडण तीच आहे. असा झटका एका डोळ्याला आला की काही वर्षांत दुसऱ्यालाही येण्याची शक्यता फार मोठी असते.

पुढे तिचं भिंगही काढलं, जागा मोकळी झाली. आता ती उजव्या डोळ्याने वाचते. पण वरच्या बाजूचं थोडं दिसत नाही, ते परत येणार नाही. रात्री अकरा ते सकाळी नऊ, एवढ्या तासांत नसेचे जे तंतू मेले ते मेले. बाहुली अजून जरा वेडीवाकडी आहे.

काचबिंदू मुकाट्याने येतो, असं आम्हीच लोकांना सांगत असतो. हा प्रकार मात्र बोंबलत येतो, तरी ऐकला जात नाही, कारण त्याचं बोंबलणं अर्धशिशीसारखं आणि पित्तासारखं असतं. माझं म्हणणं एवढंच की चाळिशी-पन्नाशी उलटलेल्या माणसाचं पहिल्यांदाच असं एका बाजूचं डोकं उठलं आणि उलटी झाली, तर इंजेक्शन भरण्याआधी एकेक डोळा झाकून विचारावं, दिसतंय का, दिव्याभोवती रंग आहेत का. अर्धशिशीतले चमकणारे नागमोडी आकार दिवा नसतानाही, डोळे मिटले तरी दिसतात आणि अर्ध्या-एक तासात जातात. खळं दिव्यालाच पडतं. यातलं एकही उत्तर विचित्र आलं तर रात्रीचे दोन वाजले असले तरी डोळ्यांचा डॉक्टर गाठायचा. डोळ्यावर पट्टी बांधायची नाही, दिवा घालवायचा नाही. गाडीत उताणं झोपवून नेता आलं तर उत्तम, भिंग थोडं मागे सरकतं. घरातले जुने थेंब टाकायचे नाहीत.

आई मावशीची सख्खी बहीण, नंबर प्लस तीन. तिला कोपरा बघायची तपासणी करून घे म्हणून मागे लागलेय. थेंब टाकून डोळा बधिर करतात, आरशाचं भिंग टेकवतात, पाच मिनिटांत होतं. ती म्हणते, "मला कुठे काय होतंय? मला खळं-बिळं काही दिसत नाही." मंगळवारची वेळ घेतली आहे. सर्दीच्या गोळ्या मात्र तिच्या डब्यातून आधीच काढल्या.